दोन महिन्यांत खोकला थांबला, मग आणखी चार महिने कशासाठी?

*“डॉक्टरसाहेब, नमस्कार. आम्ही इंदूरला रामबागेत राहतो. माझ्या दिरांना फुफ्फुसाचा टीबी निघाला, वजन ४४ होतं. दोन महिने रोज तीन गोळ्या घेतल्या, खोकला गेला, वजन चार किलो वाढलं. आता भाऊजी म्हणतात, ‘मी बरा झालो, उगाच लिव्हर कशाला जाळू?’ इतकी औषधं एकदम कशाला, एकच दमदार गोळी का नाही देत? आणि मध्येच सोडलं तर जंतू बिघडतात म्हणतात, ते नेमकं कसं?”*

ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकी दोन्हींची उत्तरं त्यातच दडलेली आहेत. गोळी सोडली म्हणून चांगला जंतू बिघडत नाही. बिघडलेले जंतू तुमच्या दिरांच्या छातीत पहिली गोळी घेण्याच्या आधीपासून होते. फक्त ते इतके थोडे होते की त्यांची काही मातब्बरी नव्हती. त्यांना राज्य करायची संधी कधी मिळते, एवढाच सगळा प्रश्न आहे.

हिशेब करून दाखवतो. टीबीमुळे फुफ्फुसात पोकळी झाली, एक्स-रेमध्ये लिंबाएवढं काळं वर्तुळ दिसतं ती, तर तिच्यात साधारण दहा कोटी जंतू असू शकतात. प्रत्येक जंतू दुभंगताना आपल्या जनुकांची नक्कल काढतो आणि नकलेत क्वचित चूक होते. बहुतेक चुका निरुपयोगी असतात. पण एखादी चूक अशी जागा धरते की एखादं औषध त्या जंतूवर चालेनासं होतं. आयसोनियाझिड या औषधाला दाद न देणारा जंतू साधारण दहा लाखांत एक असतो. रिफॅम्पिसिनला दाद न देणारा त्याहून दुर्मीळ, साधारण दहा कोटींत एक. म्हणजे ज्या पोकळीत दहा कोटी जंतू आहेत तिथे आयसोनियाझिडला न जुमानणारे शंभरेक, आणि रिफॅम्पिसिनला न जुमानणारा एखादा, हे गृहीत धरूनच चालायचं. औषधाचं नावही रोग्याने ऐकलेलं नसतं तेव्हा हे हजर असतात.

आता समजा एकच ‘दमदार’ गोळी दिली, आयसोनियाझिड. ती दमदार आहेच. पहिल्या काही दिवसांत ती नव्वद टक्क्यांहून जास्त जंतू मारते. ताप उतरतो, भूक लागते, रोगी डॉक्टरला देव म्हणतो. पण ते शंभर जंतू तसेच राहतात. टीबीचा जंतू आळशी, त्याला दुप्पट व्हायला जवळजवळ एक दिवस लागतो. तरी शंभराचे दहा कोटी व्हायला वीसच दुपटी पुरतात. शरीराची प्रतिकारशक्ती अडवते म्हणून प्रत्यक्षात महिने लागतात, पण शेवट तोच. पोकळी पुन्हा भरते आणि या वेळी एकूण एक जंतू आयसोनियाझिडला हसणारा असतो.

हे कागदावरचं गणित नाही. स्ट्रेप्टोमायसिन हे टीबीवरचं पहिलं खरं औषध. ब्रिटनमध्ये त्याची चाचणी झाली आणि १९४८ साली ती प्रसिद्ध झाली. ५५ जणांना औषध दिलं, ५२ जणांना तेव्हाचा नेहमीचा उपचार, म्हणजे नुसती अंथरुणातली विश्रांती. सहा महिन्यांनी औषधवाल्यांपैकी ४ गेले होते, विश्रांतीवाल्यांपैकी १४. केवढा फरक! पण त्याच लोकांना पाच वर्षांनी मोजलं तेव्हा एकीकडे ३२ आणि दुसरीकडे ३५ मृत्यू. फरक जवळजवळ पुसला गेला होता, कारण औषधवाल्यांपैकी बहुतेकांच्या थुंकीतले जंतू दरम्यान स्ट्रेप्टोमायसिनला सरावले होते. मग त्याच्या जोडीला पास नावाचं दुसरं औषध दिलं, एकट्याने फारसं जोरदार नसलेलं, तरी जंतू सरावण्याचं प्रमाण एकदम खाली आलं. टीबीत एकटं औषध द्यायचं नाही, हा नियम तेव्हापासूनचा.

दोन औषधांनी एवढा फरक का पडतो? तोच हिशेब पुढे न्या. एकाच जंतूत दोन्ही चुका एकदम असण्याची शक्यता म्हणजे दहा लाखांत एक गुणिले दहा कोटींत एक. एक कोटीला एक कोटीने गुणा, तेवढ्या जंतूंत एक. तेवढे जंतू कुठल्याही पोकळीत मावत नाहीत. आयसोनियाझिडला न जुमानणाऱ्या शंभरांना रिफॅम्पिसिन मारतं, रिफॅम्पिसिनला न जुमानणाऱ्या एकाला आयसोनियाझिड मारतं. सराफ्यातल्या जुन्या पेढीची तिजोरी असते ना, दोन भावांकडे दोन किल्ल्या, दोन्ही एकदम लागल्या तरच दार उघडतं, तसं. चोराला दोन्ही किल्ल्या एकाच रात्री मिळणं अशक्य. पण एक या दिवाळीला आणि दुसरी पुढच्या दिवाळीला मिळाली तर? औषध अर्धवट घेण्यात नेमकं हेच घडतं.

साधारण बारा वर्षांपूर्वी माझ्याकडे आलेल्या एका रोग्याची गोष्ट सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. वय चौतीस, नमकीनच्या कारखान्यात शेव तळायच्या भट्टीवर काम, घरी आई, बायको आणि शिकायला आलेला पुतण्या. उजव्या फुफ्फुसाच्या वरच्या भागात पोकळी. एका खासगी दवाखान्यात टीबीचं निदान झालं आणि चार औषधं सुरू झाली, पण चारही एकाच गोळीत नव्हती. निदान बरोबर, औषधं बरोबर, डोसही बरोबर.

तीन आठवड्यांनी त्याला मळमळ सुरू झाली, सांधे दुखायला लागले. त्याने स्वतःच शोध लावला की सगळा दोष ‘त्या मोठ्या गोळीचा’. ती पायराझिनामाइड होती. ती बंद. मग शेजाऱ्याने सांगितलं की एथॅम्ब्युटॉलने डोळे जातात. तीही बंद. उरली रिफॅम्पिसिन-आयसोनियाझिडची एक कॅप्सूल. ती तो सकाळी पोहे-जलेबीवर घ्यायचा, कारण रिकाम्या पोटी ओकारी यायची. पोटभर खाण्याबरोबर ही दोन्ही औषधं रक्तात कमी उतरतात. म्हणजे चारांची दोन झाली आणि त्या दोनांचाही जोर घटला. तरी खोकला थांबला. अडीच महिन्यांनी, रंगपंचमीच्या गेरच्या आसपास, त्याने तीही सोडली. तुमचे भाऊजी आज जिथे उभे आहेत, तिथेच तो तेव्हा होता.

तीन महिन्यांनी खोकला परत आला. घरात एक पट्टी उरली होती, ती दहा दिवस घेतली, बरं वाटलं, पुन्हा बंद. दिवाळीनंतर असंच आणखी एकदा. वर्षभराने ताप हटेना तेव्हा गल्लीतल्या डॉक्टरने जुनीच कॅप्सूल पुन्हा सुरू करून तिच्या जोडीला लेव्होफ्लॉक्सासिन टाकलं. तीन आठवडे बरं, मग परत तेच. माझ्यासमोर तो आला तेव्हा वजन ३९ किलो होतं. बेडका तपासायला पाठवला. रिपोर्ट आला: रिफॅम्पिसिन रेझिस्टंट, आयसोनियाझिड रेझिस्टंट. दोन्ही एकदम म्हणजे एमडीआर. पुढच्या तपासणीत लेव्होफ्लॉक्सासिनही गेलेलं निघालं.

चोराला किल्ल्या कुठल्या क्रमाने मिळाल्या ते बघा. औषध चालू असताना साधे जंतू दोन्ही औषधांनी मरतात. पण आयसोनियाझिडला न जुमानणाऱ्यांना फक्त रिफॅम्पिसिन मारत असतं, आणि सुरुवातीच्या दिवसांत खरा मारा असतो आयसोनियाझिडचा. म्हणून हे जंतू जरा सावकाश मरतात. औषध पूर्ण चाललं तर त्याने काही बिघडत नाही, शेवटी तेही मरतात. पण मध्येच थांबलात तर उरलेल्यांत त्यांचा वाटा आधीपेक्षा मोठा असतो. मग जंतू पुन्हा वाढतात, तो मोठा वाटा घेऊनच. दहा दिवस पट्टी घेतली की पुन्हा चाळण, वाटा आणखी मोठा. दोन-तीन फेऱ्यांत पोकळी आयसोनियाझिडला न जुमानणाऱ्यांनी भरली. आता तो कॅप्सूल घेत होता तेव्हा पट्टीवर नावं दोन होती, पण पोकळीत काम करत होतं एकटं रिफॅम्पिसिन. दहा कोटींत एक रिफॅम्पिसिनला न जुमानणारा असतोच, तो आता आपसूक निवडला गेला. ‘एक कोटी गुणिले एक कोटी’ हा अशक्य आकडा त्याने एका उडीत गाठला नाही. दोन पायऱ्यांनी गाठला. आणि तिसरी पायरी आमच्याच एका व्यवसायबंधूने बांधून दिली. हरत चाललेल्या उपचारात एकच नवं औषध टाकणं म्हणजे त्या नव्या औषधाला एकट्याला लढायला पाठवणं. रोग्यांवर खापर फोडताना हे आम्ही डॉक्टर मंडळी सोयीस्कर विसरतो.

यात एक प्रामाणिक गोष्ट सांगायला हवी, कारण बाहेर भीती घालण्यासाठी वेगळंच सांगतात. सगळी औषधं नीट घेऊन, सगळी एकदम सोडली आणि नंतर रोग उलटला, तर उलटलेले जंतू बहुतेक वेळा साधेच असतात. रेझिस्टन्स मुख्यतः दोन सवयींतून येतो: चारांतली निवडून काही घेणं, आणि घेणं-सोडणं-घेणं-सोडणं. आता सरकारी केंद्रातून जी गोळी मिळते, तुमच्या दिरांची तीच असणार, तिच्या प्रत्येकीत चारही औषधं एकत्र असतात. त्यामुळे निवड करायची सोय उरलेली नाही, आणि हे फार बरं झालं. दुसरी सवय मात्र एकत्र गोळीनेही थांबत नाही.

मग सहा महिनेच का? रेझिस्टन्सपेक्षा हा वेगळा प्रश्न आहे. त्याचं उत्तर मारायला सोप्या जंतूंत नाही, झोपलेल्यांत आहे.

पोकळीतले सगळे जंतू एका लयीत वाढत नाहीत. हवा भरपूर मिळणारे भराभर वाढतात, त्यांना आयसोनियाझिड लवकर संपवतं. खोकला, ताप, वजन उतरणं हे सगळं मुख्यतः यांच्या गर्दीमुळे होतं. म्हणून ही गर्दी हटली की माणूस स्वतःला बरा समजतो, आणि त्या अर्थाने असतोही. काही जंतू सुजेच्या आंबट भागात मंदपणे जगतात, त्यांच्यावर पायराझिनामाइडचा इलाज आहे. सूज ओसरली की त्याचं काम बरंचसं संपतं, म्हणून ते पहिले दोन महिनेच. आणि काही जवळजवळ झोपलेले असतात, मधूनच थोडा वेळ जागे होतात आणि पुन्हा झोपतात. औषध जंतूच्या चालू कामात खोडा घालतं. काम बंद असेल तर खोडा कशात घालणार? रिफॅम्पिसिनचा मोठेपणा असा की त्या थोड्या जाग्या वेळेतही ते जंतूला गाठतं. पण जंतू कधी जागा होईल हे आपल्या हातात नाही, म्हणून औषध रोज हजर ठेवावं लागतं आणि महिनोन् महिने ठेवावं लागतं. रिफॅम्पिसिन येण्याआधी हा उपचार दीड-दोन वर्षं चालायचा. त्याच्यामुळे आणि पायराझिनामाइडमुळे तो सहा महिन्यांवर आला.

चार महिन्यांवर आणायचा प्रयत्न याच औषधांनी झाला होता. बेडक्यात जंतू असलेल्या रोग्यांपैकी दर दहांत साधारण एकाचा रोग नंतर उलटला. सहा महिन्यांत हे प्रमाण शंभरात दोन-चारवर राहतं. आता यातला बारकावा बघा. दहांतले नऊ चार महिन्यांतच बरे झाले होते! त्यांच्यासाठी शेवटचे दोन महिने खरोखर जास्तीचे होते. तुमचे भाऊजी त्या नवांतले असू शकतात. पण आपण नवांतले की दहावे, हे त्या वेळी सांगणारी भरवशाची तपासणी आमच्याकडे नाही. थुंकीत जंतू दिसत नाहीत म्हणाल, तर मायक्रोस्कोपखाली एक जंतू दिसायला एक मिलिलिटर बेडक्यात पाच-दहा हजार तरी असावे लागतात. त्याखाली सगळं ‘निगेटिव्ह’. नव्या औषधांचं चार महिन्यांचं एक मिश्रण २०२१ साली सहा महिन्यांच्या तोडीचं ठरलं, पण त्यात रिफापेंटिन आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन आहेत. तुमच्या घरातलं पाकीट चार महिन्यांवर थांबवायला तो आधार नाही.

आता भाऊजींच्या लिव्हरचं. भीती अगदीच खोटी नाही. आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन, पायराझिनामाइड, तिन्ही लिव्हरला त्रास देऊ शकतात. पण दोन महिने झाले असतील तर पायराझिनामाइड आता बंद होईल. तिसऱ्या महिन्यापासून गोळी बदलते आणि तिच्यात तीनच औषधं असतात, म्हणजे भार हलकाच होतो. लघवी नारिंगी होते ती रिफॅम्पिसिनमुळे, ती लिव्हरची खूण नाही. उलट मी तर रोग्यांना विचारतो, सकाळची लघवी नारिंगी आहे ना? नसेल तर गोळी पोटात गेलेली नाही, तोंडाने काही सांगोत. खरी खूण म्हणजे डोळे पिवळे होणं, सतत ओकारी, अन्नाचा वाससुद्धा नको होणं. असं झालं तर गोळ्या थांबवा आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. ते लिव्हरची तपासणी करतील आणि लिव्हर सावरल्यावर एकेक औषध क्रमाने परत सुरू करतील. लाल-हिरवा रंग ओळखण्यात गडबड किंवा नजर धूसर झाली तर तेही लगेच सांगायचं, ते एथॅम्ब्युटॉलमुळे असू शकतं. हातापायांना मुंग्या आल्या तर पायरिडॉक्सिन म्हणजे बी-६ची गोळी मिळते. नुसती मळमळ असेल तर गोळ्या रात्री जेवणानंतर दोन-अडीच तासांनी, झोपताना घेऊन बघा. अनेकांची ओकारी झोपेतच निघून जाते.

आत्ता करण्यासारखी महत्त्वाची गोष्ट म्हणजे दोन महिन्यांनंतरची बेडक्याची तपासणी. बेडका म्हणजे सकाळी उठल्यावर खोल खोकून आलेला, तोंडातली लाळ नव्हे. ही तपासणी मायक्रोस्कोपची असते. सुरुवातीला झालेली मशीनची, सीबीनॅट किंवा ट्रूनॅट, मेलेल्या जंतूंचंही जनुक दाखवते, म्हणून उपचार कसा चाललाय हे तिच्यावरून ठरवत नाहीत. दोन महिन्यांनी बेडक्यात जंतू दिसले तर घाबरू नका, काहींमध्ये ते मेलेलेही असतात. पण मग औषधांची तपासणी करावीच लागते.

इथे एक पळवाट आहे, ती सांगून ठेवतो. सुरुवातीच्या नेहमीच्या मशीन तपासणीत फक्त रिफॅम्पिसिनचा रेझिस्टन्स कळतो, आयसोनियाझिडचा नाही. आणि आपल्याकडे आयसोनियाझिडला सरावलेले जंतू नव्या रोग्यांतही कमी नाहीत. २०१४ ते २०१६ मध्ये झालेल्या राष्ट्रीय पाहणीत ते नव्या रोग्यांपैकी साधारण अकरा टक्क्यांत सापडले होते. अशा माणसाच्या शेवटच्या चार महिन्यांत रिफॅम्पिसिन एकटं पडलं असतं. म्हणूनच आपल्या सरकारी टीबी कार्यक्रमात एथॅम्ब्युटॉल दोन महिन्यांवर न थांबवता शेवटपर्यंत चालू ठेवलं आहे. रोग्याला वाटतं, ही तिसरी कशाला? ती त्या न दिसलेल्या रेझिस्टन्सवरची पहारेकरी आहे.

मध्ये काही दिवस चुकलेच, लग्नाला गाडरवाड्याला गेलो आणि पाकीट घरी राहिलं, तर आपल्या मनाने दुप्पट घेऊन भरपाई करायची नाही आणि लाजेने लपवायचंही नाही. केंद्रावर सांगायचं. थोडे दिवस असतील तर उपचार पुढे चालू होतो आणि चुकलेले डोस शेवटी जोडले जातात. सलग महिना किंवा जास्त खंड पडला असेल तर घरातली उरलेली पट्टी उघडायचीच नाही. आधी बेडका, त्यात रेझिस्टन्स नाही ना हे बघणं, मग गोळी. माझ्या त्या भट्टीवाल्याने पहिल्या खोकल्याला एवढंच केलं असतं तर साध्या सहा महिन्यांत सुटला असता.

तो वाचला, पण त्या काळच्या पद्धतीने. दोन वर्षं उपचार, त्यातले कित्येक महिने रोज कॅनामायसिनचं इंजेक्शन. त्याने कान गेले, आज तो मशीन लावून ऐकतो. हल्ली एमडीआरसाठी बेडाक्विलिन, प्रेटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सासिनचा सहा महिन्यांचा, गोळ्यांचाच उपचार आपल्या कार्यक्रमात २०२४ मध्ये मंजूर झाला आहे. बऱ्याच जणांना तो चालतो. पण ज्याने लेव्होफ्लॉक्सासिन आधीच वाया घालवलंय त्याच्यासाठी त्यातलं मॉक्सिफ्लॉक्सासिनही कामाचं राहत नाही, दोघे सख्खे भाऊ. आणि त्याच खोलीत झोपणारा तो पुतण्या, एकवीस वर्षांचा, त्याला वर्षभराने खोकला झाला. आयुष्यात टीबीची एक गोळी घेतली नव्हती, पण पहिल्याच रिपोर्टात एमडीआर. काकाने दोन वर्षांत चढलेल्या पायऱ्या त्याला श्वासातून आयत्या मिळाल्या.

तुमच्या घरात लहान मूल आहे का, ते लिहिलं नाहीत. पाच वर्षांखालचं असेल तर त्याला तपासून, टीबी नाही ना हे पाहून, प्रतिबंधाचं औषध देतात, आणि मोठ्यांनाही तपासून विचारतात. हा विषय केंद्रावर आठवणीने काढा. भाऊजींच्या पहिल्या मशीन तपासणीचा कागद शोधून ठेवा. त्यावर रिफॅम्पिसिनपुढे काय लिहिलंय आणि आयसोनियाझिडची तपासणी वेगळी झाली होती का, एवढं मला कळवा. ती झाली नसेल तर दोन महिन्यांच्या बेडक्याबरोबर करता येईल का, हे जाल तेव्हा विचारा.